०.८c वेगाचं यान: यानातल्या माणसाची वेळ नि अंतर कसं काढायचं? मदत हवी आहे

अडलोय_इथे: उद्या सकाळी गणित द्यायचंय, लवकर सांगा. यान ०.८c ने ताऱ्याकडे चाललंय, अंतर ८ प्रकाशवर्षं. यानातल्या निरीक्षकाला किती वेळ लागेल? गॅमा ५/३ आला. माझं उत्तर १६.६७ वर्षं, पुस्तकात ६ आहे. कुठे चुकतोय?

तिरपी_रेघ: ८ प्रकाशवर्षं कोणी मोजली? यानातून की पृथ्वीवरून?

अडलोय_इथे: पृथ्वीवरूनच. तारा पृथ्वीच्या सापेक्ष स्थिर आहे.

सूत्रधर: वेळ गॅमाने गुणायची, लांबी गॅमाने भागायची, एवढंच. पृथ्वीवर ८/०.८ म्हणजे १० वर्षं, गुणिले ५/३ म्हणजे १६.६७. छपाईची चूक असेल.

तिरपी_रेघ: छपाई ठीक आहे. गॅमाने कोणती वेळ गुणायची, हे आधी ठरवा. दोन्ही घटना ज्या घड्याळाजवळच घडतात, त्याच घड्याळाची वेळ गुणायची. पृथ्वीपासून निघणं आणि ताऱ्यापाशी पोहोचणं, दोन्ही वेळा यानातलं घड्याळ तिथे हजर आहे. पृथ्वीवाल्यांना मात्र दोन ठिकाणी दोन घड्याळं लागतात. म्हणून १० = (५/३) × ६. ताळाही करून बघा: यानातून अंतर ८ ÷ (५/३) = ४.८ प्रकाशवर्षं आणि ४.८ ÷ ०.८ = ६ वर्षं. दोन्ही वाटांनी तेच उत्तर आलं नाही, तर गॅमा चुकीच्या जागी लागलाय.

म्युऑनवाली: आम्ही प्रयोगशाळेत म्युऑन मोजले होते. त्यांचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही साधारण ६६० मीटर. तरी कित्येक किलोमीटर वरून ते जमिनीपर्यंत येतात. आपण म्हणतो त्यांचं घड्याळ मंद, त्यांच्या बाजूने वातावरणच आखूड.

सूत्रधर: बरं, ६ मान्य. पण परतल्यावर जुळा भाऊ म्हातारा का, त्याला व्यापक सापेक्षतावाद लागतोच.

तिरपी_रेघ: इथे यान परतच येत नाही. आणि तिथेही लागत नाही, विशेष सापेक्षतावाद पुरतो.

अडलोय_इथे: ६ कळलं, पण आता नवीनच अडलं. यानातून पाहिलं तर पृथ्वीचं घड्याळ मंद. मग यानाच्या ६ वर्षांत तिथे ३.६ वर्षंच जातात. मग ताऱ्यावरचं घड्याळ १० कसं दाखवतं? दोन्ही घड्याळं जुळवलेली आहेत ना?

तिरपी_रेघ: पृथ्वीच्या चौकटीत जुळवलेली. यानाच्या चौकटीत ताऱ्यावरचं घड्याळ पहिल्यापासूनच vL/c² ने पुढे आहे: ०.८ × ८ = ६.४ वर्षं. यान निघालं तेव्हाच त्यावर ६.४ होते, प्रवासात ३.६ वाढले, झाले १०.

म्युऑनवाली: हे मला कोणी कधी असं मांडून दाखवलं नव्हतं!

अडलोय_इथे: म्हणजे पोहोचल्यावर दुर्बिणीतून पृथ्वीचं घड्याळ ३.६ दिसेल?

तिरपी_रेघ: नाही, २ दिसेल. त्या क्षणी डोळ्यात शिरणारा प्रकाश पृथ्वीच्या चौकटीत ८ वर्षं आधी तिथून निघालेला आहे, म्हणून १० − ८ = २. ३.६ हा प्रकाशाचा प्रवास वजा करून काढलेला हिशेब.

अडलोय_इथे: प्रश्नाच्या दुसऱ्या भागात 'निरीक्षकाला पृथ्वीवर किती काळ गेलेला दिसेल' असं लिहिलंय. मग ३.६ लिहू की २?

सूत्रधर: ३.६. परीक्षेत तेच धरतात.

तिरपी_रेघ: 'दिसेल' चा अर्थ 'मोजेल' असा धरला, तर ३.६. काय धरलंय ते उत्तरात एका ओळीत लिहा.