इन्सेंटिव्हचा हिशेब जुळत नाही, स्लॅब कसा लावायचा?

फिरतीवर
नमस्कार मंडळी. मी वायर आणि स्विचगिअरच्या एका वितरकाकडे सेल्समन आहे. शिरूर ते नगर पट्ट्यातली दुकानं आणि कंत्राटदार माझ्याकडे आहेत. ऑगस्टचा इन्सेंटिव्ह पगारपत्रकात ४,६०० रुपये आला. माझ्या हिशेबाने तो १४,८६८ व्हायला हवा होता. ऑगस्टमध्ये माझी बिलं ९,९१,२०० रुपयांची झाली आणि ७ लाखांच्या वर दीड टक्का आहे, म्हणून मी सरळ दीड टक्का लावला.

एप्रिलमध्ये मिळालेल्या पत्रातला मजकूर जसाच्या तसा देतो:

"मासिक निव्वळ विक्रीवर इन्सेंटिव्ह: ४ लाखांपर्यंतच्या विक्रीवर ०.५ टक्के, ४ लाखांवरील ते ७ लाखांपर्यंतच्या विक्रीवर १ टक्का, ७ लाखांवरील विक्रीवर १.५ टक्के. निव्वळ विक्री म्हणजे जीएसटी व परत आलेला माल वजा करून राहिलेली रक्कम. बिलापासून ६० दिवसांत वसुली न झाल्यास त्या बिलावर इन्सेंटिव्ह देय नाही."

दहा हजारांचा फरक आहे. ऑफिसात काय आणि कसं विचारू? कुणी हे काम केलेलं असेल तर सांगा.

काटकोन
दादा, स्लॅब म्हटला की तो इन्कमटॅक्ससारखाच असतो. प्रत्येक टप्प्यातल्या रकमेला त्या टप्प्याचा दर. सगळ्या रकमेवर दीड टक्का कुठेच मिळत नाही. ९,९१,२०० वर टप्प्याटप्प्याने काढा: २,००० अधिक ३,००० अधिक ४,३६८, म्हणजे ९,३६८. एवढेच तुमचे.

पश्चिमरंग
यात टीडीएस कापला असेल. मी विमा एजंट आहे, माझ्या कमिशनमधून कंपनी दर वेळी कापूनच देते. वर्षाअखेरीला रिटर्न भरा, परत मिळेल. एवढी काळजी करू नका.

रावेरकर
पश्चिमरंग, तुम्ही एजंट आहात, हे नोकरीत आहेत. यांचा इन्सेंटिव्ह पगारातच धरला जातो आणि कर कापला तर तो एकूण पगारावर, पगारपत्रकात वेगळ्या ओळीत दिसतो. इथे मूळ आकडाच ४,६०० आहे.

आणि काटकोन, "कुठेच मिळत नाही" हे बरोबर नाही. मी एका रंगाच्या वितरकाकडे सेल्स मॅनेजर आहे आणि आमच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय, "महिन्याची विक्री ७ लाखांवर गेल्यास एकूण विक्रीवर दीड टक्का". अशाही स्कीमा असतात. त्यात ६,९९,००० विक्रीला १ टक्क्याने ६,९९० मिळतात आणि ७,०१,००० ला १०,५१५. दोन हजारांच्या मालासाठी साडेतीन हजारांचा फरक. मग ३० तारखेला पोरं ओळखीच्या दुकानात माल उतरवतात आणि पुढच्या महिन्यात तो परत येतो. म्हणून शब्द पाहायचे. "विक्री ७ लाखांवर गेल्यास" आणि "७ लाखांवरील विक्रीवर" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिरतीवर यांच्या पत्रात दुसरी आहे, म्हणजे टप्प्याटप्प्याने. निष्कर्ष काटकोन यांचाच बरोबर, कारण मात्र पत्रातला शब्द आहे.

खतावणी
मी सांगलीत एका वितरकाकडे चौदा वर्षं हिशेब बघते, दर महिन्याला आठ सेल्समनचे इन्सेंटिव्ह काढते. फिरतीवर, तुमचा ९,९१,२०० हा आकडा जीएसटीसकट आहे. वायर-स्विचगिअरला १८ टक्के, म्हणून १.१८ ने भागा: ८,४०,००० येतात. (यातून सरळ १८ टक्के वजा करू नका, ती चूक फार जण करतात, त्यात विक्री सव्वासत्तावीस हजारांनी कमी दिसते.) ऑगस्टमध्ये माल परत किती आला?

आणि आता उलटा हिशेब करून बघते. ऑफिसने ४,६०० दिले. त्यातले २,००० पहिल्या ४ लाखांचे. राहिले २,६००, ते १ टक्क्याने म्हणजे २,६०,००० विक्रीचे. म्हणजे ऑफिसने तुमची विक्री ६,६०,००० धरली आहे. ८,४०,००० मधून १,८०,००० कुठे गेले ते शोधायचं.

फिरतीवर
खतावणीताई, क्रेडिट नोटा शोधल्या. जीएसटीसकट ७०,८०० च्या आहेत, म्हणजे ६०,०००. त्यात २०,००० चा माल जुलैच्या बिलातला आहे, पण परत ऑगस्टमध्ये आला.

खतावणी
मग निव्वळ ७,८०,०००. त्यावर २,००० अधिक ३,००० अधिक ८०,००० चे १,२००, एकूण ६,२००. अजून १,२०,००० राहतात. जीएसटीसकट ते १,४१,६०० होतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला एवढ्या रकमेचं बिल येणे बाकी होतं का? एकच असेल किंवा दोन-तीन मिळून असतील.

फिरतीवर
आहे! एका कंत्राटदाराचं १२ ऑगस्टचं बिल, बरोबर १,४१,६००. पण त्याने पैसे दिलेत. २७ सप्टेंबरला खात्यात जमा झाले.

खतावणी
१२ ऑगस्टपासून २७ सप्टेंबर, ४६ दिवस. ६० च्या आत. म्हणजे पगार काढला तेव्हा ऑफिसने ते बिल बाजूला ठेवलं, आणि तिथवर माझी तक्रार नाही. मीही तसंच करते, नाहीतर नंतर पगारातून कापावं लागतं. पण पैसे आल्यावर त्याचे १,६०० तुम्हाला मिळायला हवेत, ६,२०० वजा ४,६००. सप्टेंबरचा कागद आला का?

फिरतीवर
परवाच आला. सप्टेंबर थंड होता, पितृपंधरवड्यात कुणी माल उचलला नाही. माझी निव्वळ विक्री ३,१०,००० झाली. इन्सेंटिव्ह २,३०० आलाय. वेगळी थकबाकी काही दिसत नाही.

खतावणी
सापडलं. ३,१०,००० चे अर्ध्या टक्क्याने १,५५० होतात. २,३०० कशाचे? २,००० पहिल्या ४ लाखांचे, ३०० म्हणजे वरचे ३०,०००. एकूण ४,३०,०००. ऑफिसने ऑगस्टचं ते १,२०,००० चं बिल सप्टेंबरच्या विक्रीत मिळवलं आहे.

नुकसान इथेच होतंय. ऑगस्टमध्ये ते बिल वरच्या टप्प्यांत बसत होतं, ८०,००० दीड टक्क्यावर आणि ४०,००० एक टक्क्यावर, म्हणून त्याचे १,६००. सप्टेंबरच्या तळाशी टाकल्यावर त्यातले ९०,००० अर्ध्या टक्क्यात गेले, म्हणून त्याचे ७५० च मिळाले. तुमच्या पत्रात "मासिक निव्वळ विक्री" असं आहे, "मासिक वसुली" नाही. विक्री ऑगस्टची आहे. वसुली फक्त पैसे कधी द्यायचे, की द्यायचेच नाहीत, एवढंच ठरवते. टप्पा बिलाच्या महिन्याचाच राहायला हवा.

देय ६,२०० अधिक १,५५०, म्हणजे ७,७५०. दिले ४,६०० अधिक २,३००, म्हणजे ६,९००. तुमचे ८५० रुपये राहतात.

काटकोन
दहा हजारांवरून साडेआठशेवर आलो. यासाठी ऑफिसात भांडायचं का?

खतावणी
भांडायचं नाही, पण विचारायचं जरूर. ज्याची वसुली दर वेळी पंचेचाळीस दिवसांनी येते त्याच्या बाबतीत हे दर महिन्याला होणार. आणि उलटंही होऊ शकतं: दिवाळीच्या महिन्यात जुनी वसुली मिळवली तर सेल्समनला जास्त जाईल आणि मालक विचारेल. पद्धत एकच ठरलेली बरी.

एक्सेलमध्ये बिलाचा महिना आणि जमा तारीख असे दोन वेगळे रकाने ठेवा. महिन्याची निव्वळ विक्री `B2` मध्ये टाकून हे सूत्र वापरा:

```
=MIN(B2,400000)*0.5%+MAX(0,MIN(B2,700000)-400000)*1%+MAX(0,B2-700000)*1.5%
```

हेच दोनदा चालवा. एकदा सगळ्या विक्रीवर, एकदा बाकी असलेली बिलं वगळून. दोन उत्तरांतला फरक म्हणजे थांबवलेली रक्कम. वसुली आली की त्याच महिन्याच्या ओळीत बिल परत घ्या.

रावेरकर
ताईंचं बिलांबद्दलचं म्हणणं मला पटतं. मग तोच न्याय परत आलेल्या मालाला लावायला हवा. यांच्या क्रेडिट नोटांतले २०,००० जुलैचे आहेत. जुलैला निव्वळ विक्री किती होती?

फिरतीवर
५,५०,०००. त्यातून ते २०,००० वजा केलेले नव्हते.

रावेरकर
म्हणजे जुलैमध्ये त्या मालावर तुम्हाला १ टक्क्याने २०० मिळाले आणि ऑगस्टमध्ये वजा करताना दीड टक्क्याने ३०० गेले. फरक शंभराचा. पण मी आमच्याकडे क्रेडिट नोट ज्या महिन्याची, त्याच महिन्यात वजा करतो. सेल्स रजिस्टरमध्ये ती तिथेच दिसते, आणि दिलेला पगार परत उघडायला मालक तयार नसतो.

काटकोन
पण मग बिल मूळ महिन्यात आणि परतीचा माल नंतरच्या महिन्यात, हे दोन न्याय झाले.

खतावणी
झाले खरे. मी परतीचा मालही मूळ बिलाच्या महिन्यात नेते, कारण आमच्याकडे प्रत्येक क्रेडिट नोटेवर मूळ बिलाचा नंबर असतो. जिथे नसतो तिथे रावेरकरांची पद्धतच चालेल. फिरतीवर यांच्या पत्रात याबद्दल एक शब्द नाही. फक्त फिरतीवर, एक लक्षात ठेवा: तुम्ही बिलासाठी मूळ महिना मागितलात आणि परतीचं मात्र सोयीचं धरलंत, तर अकाउंटंट ते लगेच पकडेल.

फिरतीवर
आज ऑफिसात जाऊन आलो. ताईंनी सांगितलं तसं एका कागदावर मांडून नेलं: बिल नंबर, १२ ऑगस्ट, २७ सप्टेंबर, आणि खाली ६,२०० व १,५५०. चौदा हजारांचा विषय काढलाच नाही, ती माझीच चूक होती. अकाउंटंट काकांनी टॅलीत त्या पार्टीचं खातं उघडलं, जमा तारीख पाहिली आणि म्हणाले की वसुलीची यादी महिन्याप्रमाणे निघते, म्हणून ते बिल सप्टेंबरमध्ये आलं. त्यात कुणाचा हेतू नव्हता. ८५० रुपये पुढच्या पगारात "ऑगस्ट फरक" म्हणून वेगळ्या ओळीत देणार आहेत.

जुलैच्या २०,००० चं मीच त्यांना दाखवलं. ते म्हणाले, मालकांना विचारून सांगतो. आमच्या क्रेडिट नोटांवर मूळ बिलाचा नंबर असतो का, ते बघायला मी आज चार नोटा काढल्या. दोनवर आहे, दोनवर नाही.