शांपू म्हणजे धुणं की चेपणं?

कर्वेनगरकर: मुलीला शाळेत पायजमा, लूट, शांपू हे हिंदीतून इंग्रजीत गेलेले शब्द म्हणून शिकवले. पहिले दोन समजले. पण शांपूचा मूळ शब्द कोणता, आणि त्याचा केसांशी काय संबंध?

पर्वती पायथा: मूळ शब्द 'चाँपो'. हिंदीत चाँपना म्हणजे दाबणं, रगडणं. चाँपो म्हणजे आपलं 'चेपा'. केसांशी संबंध आधी नव्हताच. अठराव्या शतकात इंग्रज हा शब्द अंग रगडून घेण्यासाठी वापरत. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद यांनी पुढे इंग्लंडात ब्रायटनला स्नानगृह काढलं. तिथे माणसाला औषधी वनस्पतींच्या वाफेत, फ्लॅनेलच्या तंबूत बसवायचे. तंबूला बाह्या शिवलेल्या असत. चेपणारा बाहेर उभा राहून त्यांतून हात घालायचा आणि घामाघूम झालेलं अंग रगडायचा. सांधे धरलेले लोक त्यासाठी येत. राजा चौथा जॉर्ज याने त्यांना आपला 'शांपूइंग सर्जन' नेमलं, ते या चेपण्यासाठी. डोकं धुण्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला, तोही इंग्रजीतच. तेव्हा शब्द आपला, अर्थ त्यांचा, हे शाळेत सांगायलाच हवं.

औंधवासी: मी तर चंपा फुलाच्या तेलावरून आला असं ऐकलंय. आमच्या गल्लीतले केशकर्तनवाले अजून 'चंपी करू का?' विचारतात. तेल डोक्यालाच लावतात ना? मग केसांशी संबंध होताच की.

पर्वती पायथा: चंपी त्याच कुळातली, हे बरोबर. फुलाचा मात्र संबंध नाही. आणि चंपीतही महत्त्व दाबण्याला आहे. नुसतं तेल चोपडलं तर कोणी त्याला चंपी म्हणत नाही.

नारायण पेठ: माझा आक्षेप 'हिंदी' या शिक्क्यालाच आहे. पायजम्यात 'पाय' ऐकू येतो, म्हणजे तो शब्द मराठीच! आणि दसऱ्याला आपण सोनं लुटतो, मग लूटही आपलीच.

पर्वती पायथा: पायजमा फारसी आहे. तिकडेही पाय म्हणजे पायच, आणि जामा म्हणजे वस्त्र. आपला पाय संस्कृत 'पाद'वरून आला. दोन्ही शब्द लांबचे भाऊ. मूळ पायजमा फक्त कमरेखालचा, नाडीचा. झोपताना घालायचा सदरा त्यात इंग्रजांनी जोडला. लूट मराठीत आहेच, पण इंग्रजांनी ती हिंदीतून उचलली.

नारायण पेठ: मग पायजम्याला हिंदी का म्हणायचं? फारसी म्हणा.

कर्वेनगरकर: फारसीतून हिंदीत आणि तिथून इंग्रजीत, असं वहीत लिहून देते. शांपूपुढे 'चेपा' लिहीन. सासूबाईंचे पाय रोज रात्री तीच चेपते, तिला लगेच कळेल.

नारायण पेठ: वहीत फारसी आधी लिहा. त्यावर मी ठाम आहे.