उत्तर: शून्य लिंका ठेवूनही स्पॅम येतोच

«ब्लॉगवरच्या प्रतिक्रियांमध्ये लिंकांची मर्यादा 0 केली, म्हणजे एकही लिंक चालणार नाही, तरी कचरा थेट छापला जातोय.»

घोळ त्या शून्यातच आहे. वर्डप्रेसमध्ये 0 ठेवलं की लिंका मोजणंच बंद होतं. एक लिंक असली तरी अडवायची असेल तर तिथे 1 लिहा. मुळात तो आकडा 2 असतो.

पण 1 करूनही सगळं थांबत नाही, कारण मोजल्या जातात त्या फक्त मजकुरातल्या लिंका. नावाखालच्या ‘वेबसाइट’ रकान्यातली लिंक त्यात धरत नाहीत. माझ्या राजगडाच्या जुन्या लेखावर एकदा आलं, ‘खूप छान माहिती, धन्यवाद’. मी खुशीत मंजूर केलं. नंतर नाव नीट वाचलं: Packers Movers Pune! नावावर टिचकी मारली की थेट टेम्पोवाल्याचं दुकान. शिवाय ‘आधी मंजूर झालेल्याला सूट’ ही सोय चालू असल्यानं त्याच नावाच्या आणि ईमेलच्या पुढच्या प्रतिक्रिया मला न विचारताच छापल्या गेल्या. पहिलं गोड वाक्य त्यासाठीच असतं.

त्यामुळे मी आधी नाव बघतो. माणसाच्या जागी धंद्याचं नाव, लेखातल्या एकाही गोष्टीचा उल्लेख नाही आणि लेख पाच-सात वर्षं जुना, असं दिसलं की उडवतो. Comment Moderation च्या यादीत `packers` टाकलं की नाव आणि वेबसाइटही तपासली जाते. शब्द मात्र जपून निवडा, कारण तो दुसऱ्या शब्दाच्या पोटातही सापडतो: `press` लिहिलंत तर WordPress म्हणणारा भला माणूसही अडकतो.