माठ गार करेनासा झाला की तुम्ही काय करता?

लातूर, धागा काढणारी: मार्चमध्ये आणलेला लाल माठ मे उजाडताच गार करेनासा झाला. आधी पोट सतत ओलसर असायचं, आता कोरडं ठाक आणि वर पांढरे चट्टे. पाणी बोअरचं. आपापले अनुभव लिहा, स्टीलच्या पिंपाचे आणि फिल्टरचेही.

सोलापूर: कोरडं पोट हीच खूण. माठ पाझरतो, ते पाणी हवेत उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. बोअरच्या पाण्यातले क्षार छिद्रांत बसले की पाझर बंद. मी गेल्या वर्षी माठ रिकामा केला, 1 वाटी पांढरं व्हिनेगर 4 वाट्या पाण्यात मिसळून त्यात फडकं भिजवलं आणि चट्ट्यांवर अर्धा तास लपेटून ठेवलं. बारीक बुडबुडे येतात, म्हणजे क्षार सुटतायत. मग नारळाच्या काथ्यानं घासलं, चार पाण्यांनी विसळलं, रात्रभर भरून ठेवलेलं पाणी सकाळी झाडांना घातलं. पोट पुन्हा ओलं झालं, पण नव्यासारखं नाही.

डोंबिवली: साबण मात्र अजिबात नको. मी एकदा भांड्यांचं लिक्विड वापरलं, आठवडाभर पाण्याला वास. आता नुसता काथ्या आणि ऊन. माठात तुरटी फिरवते, म्हणजे पाणी शुद्ध होतं, वेगळा फिल्टर लागत नाही.

सोलापूर: ताई, तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, सगळे जंतू मरत नाहीत. पावसाळ्यात आधी उकळा, निवलं की माठात भरा.

रत्नागिरी: आमच्या माठावर एकही चट्टा नाही, खाली ताटली भरेल इतका पाझरतो, तरी पाणी कोमटच! कुंभारानं फसवलं का?

लातूर: दादा, कुंभाराला बोल नको. तुमच्याकडची हवा दमट, पाझरलेलं पाणी उडणार कुठे? भिंतीजवळून काढून खिडकीच्या वाऱ्यात तिवईवर ठेवून बघा.

नागपूर: माझा अनुभव स्टीलच्या पिंपाचा. आतून चकचकीत दिसायचं, म्हणून नुसतं विसळून भरायचे. एकदा आत बोट फिरवलं तर बुळबुळीत! तोटी सोडवली, तिच्या नळीत हिरवट थर. बाटलीच्या बारीक ब्रशनं काढला तेव्हा पाण्याचा वास गेला. आता दर रविवारी तोटी उघडते. फिल्टरची मातीची कँडल धार मंदावली की मऊ ब्रशनं वाहत्या पाण्याखाली घासते, साबणाशिवाय. मागच्या खेपेला तिला केसासारखी चीर दिसली. पाणी भराभर उतरायला लागलं होतं आणि मला वाटलं, छान साफ झाली. चिरेतून न गाळताच येत होतं ते. लगेच बदलली.

लातूर: आजच फडकं लपेटते. क्षार आतूनही बसले असतील, तर व्हिनेगर आत घालायचं का?

सोलापूर: मी घातलेलं नाही, माती वास धरेल ही भीती. कुणी घातलं असेल तर लिहा.