मदत हवी आहे: जॉबवर्कवाला ‘बघतो मॅडम’ म्हणाला तर ते हो समजायचं की नाही?

प्राची_ऐरोली

नमस्कार. मी रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत परचेसला आहे. पॅनलची दारं आम्ही वागळे इस्टेटमधल्या एका पावडर कोटिंगवाल्याकडे पाठवतो. काम चांगलं आहे, माणूसही सज्जन आहे. अडचण त्याच्या उत्तरांची आहे.

मागच्या मंगळवारी 40 दारं टेम्पोत घालून पाठवली आणि मेसेज केला, ‘शेठ, गुरुवारी संध्याकाळी हवीत, होतील ना?’ उत्तर आलं, ‘बघतो मॅडम.’ बुधवारी विचारलं तर ‘ट्राय करतोय.’ गुरुवारी दुपारी ‘जमवतो काहीतरी.’ मी साहेबांना सांगून टाकलं की माल येतोय. शनिवारी 22 दारं आली. उरलेली 18 त्याच्या गाळ्याच्या दाराशी तशीच उभी होती. पावसाची हवा आणि उघडा सीआर पत्रा, त्यामुळे बिजागरीच्या कडेला तांबूस डाग धरले होते. मी बोटाने पुसून पाहिलं तर बोट लाल झालं. ती पुन्हा घासून घ्यावी लागली.

येत्या शुक्रवारी संध्याकाळी पुण्याच्या साइटवर पुढची 40 दारं जायची आहेत, रंगाची शेड तीच, 7032. माल मंगळवारी सकाळी निघेल. आज रविवार. उद्या त्याला काय विचारू, आणि ‘बघतो’ आलं तर उलट काय लिहू? भांडायचं नाहीये, नक्की काय ते कळायला हवंय.

घणसोलीकर

सरळ पीओवर तारीख टाका आणि उशीर झाला तर दिवसाला अमुक रुपये कापणार असं लिहा. शिवाय मेसेज करा की संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर तुमचा होकार धरते. एकदा लेखी आलं की माणूस सुटत नाही.

सुमेधा

आमच्या सोसायटीतल्या प्लंबरचं अगदी हेच! ‘येतो ताई, बघतो’ म्हणत तीन आठवडे गेले. तुम्ही दुसरा कोटर का शोधत नाही? तळोज्याला बरेच आहेत.

प्राची_ऐरोली

सुमेधाताई, बदलायचा नाहीये हो, याचं फिनिश खरंच चांगलं आहे.

जुना_कोटर

मी 19 वर्षं असंच कोटिंगचं युनिट चालवलंय, त्यामुळे पलीकडून सांगतो. मी स्वतः रोज दहा जणांना ‘बघतो’ म्हणत होतो आणि खोटं बोलत नव्हतो.

दारं धुणं, फॉस्फेटिंग, सुकवणं, पावडर मारणं आणि 200 डिग्रीच्या आसपास ओव्हनमध्ये दहा-बारा मिनिटं, हे सगळं धरून 40 दारं एका पाळीत निघतात. वेळ कामाला लागत नाही, तुमच्या रंगाचा नंबर यायला लागतो. पावडर मारायच्या बूथवर 7035 ही दुसरी शेड चालू असेल तर तुमच्या 7032 साठी बूथ, गन, हॉपर सगळं साफ करावं लागतं, नाहीतर ठिपके येतात. म्हणून आम्ही एका शेडचा माल साठवतो आणि मग बदलतो. तुम्ही ‘होतील ना?’ विचारलंत तेव्हा 7032 कधी लागणार हे त्यालाच माहीत नसणार. ‘बघतो’चा अर्थ तेवढाच: ऐकलं, पण तुमचं काम अजून कुठल्याही दिवसावर बसवलेलं नाही.

ओळखायची खूण सांगतो. ज्याने काम मनावर घेतलंय तो उलट विचारतो: पावडर तुम्ही देणार का, हुकाला भोक कुठे आहे, टेम्पो किती वाजता येईल. मागच्या आठवड्यात त्याने तुम्हाला एक तरी प्रश्न विचारला का? ‘बघतो’ आणि ‘बुधवारी रात्री लावतो’ यांत फरक आहे. दुसऱ्यात वार आहे आणि क्रियापद कामाचं आहे. ‘जमवतो काहीतरी’ तर जवळजवळ नाहीच धरा. त्यातलं ‘काहीतरी’ म्हणजे पूर्ण होणार नाही हे त्याला कळलंय, तुम्हाला सांगवत नाही.

आता उत्तर. एक, माल निघायच्या आधी विचारा. दारं त्याच्या आवारात उतरली की तुमच्या हातात काही उरत नाही. दोन, ‘होतील ना’ विचारू नका. त्या प्रश्नाला नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून माणूस ‘बघतो’ म्हणतो. बूथचं विचारा आणि नाही म्हणणं सोपं करून द्या. मी असं लिहीन:

‘शेठ, 7032 ची 40 दारं आहेत, शुक्रवारी 11 वाजता माझा टेम्पो येईल. 7032 बूथवर कोणत्या दिवशी लागणार? सगळी होणार नसतील तर किती होतील तेवढा आकडा सांगा, मी बाकीची दुसरीकडे देते, राग नाही. आज 5 पर्यंत कळवा. आकडा आला नाही तर उद्याचा टेम्पो तुमच्याकडे पाठवत नाही.’

घणसोलीकर, लेखी हवं हे तुमचं बरोबर. पण गप्प बसला म्हणजे होकार, हे उलटं आहे. तसा होकार कागदावर राहतो, दारं काही येत नाहीत. गप्प म्हणजे नाही, असंच धरायचं आणि तसं आधी सांगायचं. दंडाचं म्हणाल तर एवढ्या छोट्या जॉबला दंड लावलात तर तो तुमचा माल कोपऱ्यात ठेवेल.

घणसोलीकर

मोठ्या व्हेंडरकडे मात्र आमच्या इथे दंडाने फरक पडला. छोट्यांचा अनुभव मला नाही, हे मान्य.

मीनल_कळवा

माझा थोडा वेगळा प्रश्न. नोव्हेंबरच्या रजेचा अर्ज देऊन महिना झाला, साहेब ‘बघू’ म्हणतात. त्यांना ‘5 पर्यंत सांगा’ कसं म्हणणार?

जुना_कोटर

मीनलताई, तिथे हे चालणार नाही. टेम्पो न पाठवणं प्राचीताईंच्या हातात आहे, तुमच्या हातात तसं काही नाही. तिकिटाची तारीख सांगून ‘गुरुवारी बुक करतेय, हरकत असेल तर त्याआधी सांगा’ असं म्हणता येईल, पण ते तुमच्या साहेबांच्या स्वभावावर आहे. मी नोकरी कधी केली नाही, जास्त बोलत नाही.

प्राची_ऐरोली

सोमवारी 12 वाजता मेसेज टाकला. पहिलं उत्तर पुन्हा ‘बघतो मॅडम’. मी फक्त एवढंच लिहिलं: ‘बूथवर 7032 कोणत्या दिवशी, शेठ?’ दहा मिनिटांनी फोन. म्हणाले, 7035 ची मोठी ऑर्डर चालू आहे, शेड गुरुवारी रात्री बदलणार, शुक्रवारी 11 पर्यंत 24 होतील, 40 नाही. आणि मग स्वतःच विचारलं, ‘पावडर माझ्याकडे कमी आहे, तुम्ही देता का?’ तुम्ही सांगितलेला उलटा प्रश्न आलाच. मी लगेच लिहून टाकलं: ‘24 दारं, शुक्रवार 11, पावडर माझी. बरोबर?’ उत्तर: ‘हो.’

16 दारं महापेच्या एकाकडे देतेय.

जुना_कोटर

छान. पण एक सांभाळा. दोन्हीकडे एकाच खोक्यातली पावडर द्या. शेड नंबर एक असला तरी दोन कंपन्यांच्या 7032 मध्ये उजेडात फरक दिसतो. आणि एका पॅनलची सगळी दारं एकाच कोटरकडे ठेवा, शेजारीशेजारी वेगळी आली तर साइटवर लगेच डोळ्यांत भरतील.

प्राची_ऐरोली

25 किलोचं एक खोकं आहे. दार दोन मीटर बाय 80 सेंटीमीटर, दोन्ही बाजू मारायच्या. 40 ना पुरेल का?

जुना_कोटर

दाराला सव्वातीन चौरस मीटर धरा, म्हणजे 40 ची 130 च्या आत. किलोला सात-आठ मीटर निघतात, 18-19 किलो लागेल. पुरेल. त्याच्याकडे 15 किलो द्या, महापेला 10. ओव्हनमधला फरक मात्र राहतोच, तो पावडर एक असून जात नाही. महापेवाल्याकडून आधी एकच दार मारून घ्या आणि जुन्या दाराशेजारी उन्हात धरून बघा.