कॅम्पसच्या मेलमधली वेळ आणि शेवटची एसटी : तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ता (नवा प्रभार)

आमच्या कॉलेजात प्लेसमेंटचं काम या सत्रापासून माझ्या गळ्यात आलंय. पुढच्या पंधरवड्यात पुण्याची एक कंपनी येणार आहे आणि मुलांना जाणारा मेल मला लिहायचाय. जुन्या मेलवरून बेतलेला मसुदा असा :

«पात्र ९६ विद्यार्थ्यांनी सकाळी ८.३० वाजता सेमिनार हॉलमध्ये हजर राहावे. ९.३० कंपनीची माहिती. १०.३० अ‍ॅप्टिट्यूड चाचणी, संगणक प्रयोगशाळा १ व २. शॉर्टलिस्ट दुपारी १.०० वाजता फलकावर. मुलाखती २.०० पासून, खोली २०४, २०५, २०६. फॉर्मल पोशाख, ओळखपत्र, बायोडेटाच्या ३ प्रती, सर्व मूळ गुणपत्रिका. उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही.»

आमच्याकडे निम्मी मुलं गावांतून येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शिकलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी आणि कंपनीकडून येऊन गेलेल्यांनी सांगा, असा मेल तुमच्या हातात आला तेव्हा दिवस कसा गेला?

जेटीपलीकडची

मी दाभोळची, कॉलेज गुहागर तालुक्यात. साडेआठचा रिपोर्टिंग म्हणजे जेटीची पहिली फेरी गाठायची, धोपाव्याला उतरून एसटी नाहीतर सहा आसनी. ती भरल्याशिवाय हलत नाही. त्या दिवशी मी आणि बाबा पहाटेच निघालो. साडेआठला हॉलमध्ये पोचले तर झाडूवाल्या मावशी खुर्च्या लावत होत्या. कंपनीची माणसं अकराला आली, कुंभार्ली घाटात ट्रक बंद पडला होता म्हणे. चाचणी साडेबाराला सुरू झाली. मुलाखतीला माझं नाव पुकारलं तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

मुलाखत कशी गेली ते नीट आठवतही नाही. आत बसून डोक्यात एकच चाललेलं, परत जायचं कसं? मॅडमनी रात्री आपल्या घरी ठेवून घेतलं, म्हणून बरं. मेलमध्ये सुरू व्हायच्या सगळ्या वेळा होत्या. संपायची एकही नव्हती.

लोटे_जनरल शिफ्ट

साडेआठ कुठून येतात ते मला ठाऊक आहे. कंपनी सांगते दहा. टीपीओ सर लिहितात नऊ, कारण मुलं उशिरा येतात. विभागाचे समन्वयक ग्रुपवर टाकतात साडेआठ. सीआर लिहितो, 'आठला गेटवर, नो एक्स्क्यूज.' हॉस्टेलवाल्याला त्याचं काही नाही, तो आंघोळ करून पाच मिनिटांत येतो. भुर्दंड पडतो तो वस्तीच्या एसटीने येणाऱ्याला. ती गाडी चुकली की पुढची नऊला, आणि मग 'उशिरा येणाऱ्यास प्रवेश नाही'.

निवृत्त टीपीओ

सर, मसुदा पाठवण्याआधी कागद-पेन घ्या. तुमच्या मेलमधली १ वाजताची शॉर्टलिस्ट लागणारच नाही.

दोन प्रयोगशाळांत मिळून चालू मशीन किती? प्रत्येकी तीस धरतो, म्हणजे साठ. मुलं ९६. दोन तुकड्या कराव्याच लागणार. चाचणी सव्वा तासाची असेल तर पहिली तुकडी १०.३० ते ११.४५. उठवा, बसवा, लॉगिन करवा यात पंधरा मिनिटं. दुसरी १२.०० ते १.१५. दुसरी तुकडी संपेपर्यंत कंपनी कट-ऑफ लावत नाही. म्हणजे यादी हातात यायला दोन, आणि जेवण धरून मुलाखती अडीचला.

आता पुढचं. समजा ३२ मुलं निवडली. खोल्या तीन, म्हणजे पॅनल तीन. मुलाखत वीस मिनिटांची ठरलेली असते, पण एक बाहेर, दुसरा आत, कागद चाळणे धरून पंचवीस होतात. ३२ मुलांना तीन पॅनल म्हणजे अकरा फेऱ्या. अकरा गुणिले पंचवीस, २७५ मिनिटं. साडेचार तासांहून थोडं जास्तच. अडीचला सुरू केलंत तर सात वाजून पाच मिनिटं. वर एचआरची फेरी. ती समांतर चालवली तरी शेवटचं पोर साडेसातला मोकळं होतं.

तुमच्याकडून गावोगाव जाणारी शेवटची एसटी कितीची? डेपोत जाऊन विचारा. पावसात घाटात काही झालं तर तीही येत नाही.

मी शेवटी शेवटी नोंदणीच्या फॉर्ममध्येच एक रकाना घातला होता : 'घरी जाणारी शेवटची गाडी किती वाजता?' शॉर्टलिस्ट आली की तीच नावं त्या रकान्याप्रमाणे लावायची. ज्याची गाडी साडेपाचची तो पहिल्या चार फेऱ्यांत. हॉस्टेलवाले शेवटी. कंपनी क्रम विचारत नाही, दाराशी उभा असलेला आपला विद्यार्थी स्वयंसेवक ज्याला आत सोडतो तो गेला.

शून्य बॅकलॉग

@निवृत्त टीपीओ, क्रम बदलला तर तोटा होतो ना? कंपनी चाचणीच्या गुणांप्रमाणेच बोलावते, वरचे आधी. जागा भरल्या की खालच्यांची नुसती औपचारिकता. आणि शॉर्टलिस्टमध्ये नाव आलं की पुढच्या कंपनीला बसता येत नाही, तेही मेलमध्ये लिहायला हवं.

पुण्याची एचआर

मी अशा ड्राइव्हला कोकणात येऊन गेले आहे, म्हणून सांगते. आमच्याकडची यादी गुणांप्रमाणे असते हे खरं, पण पॅनलला ती तशी देत नाही. शाखेप्रमाणे वाटतो, कारण मेकॅनिकलच्या मुलाला सॉफ्टवेअरवाल्या पॅनलसमोर बसवून उपयोग नाही. त्यामुळे सर, ३२ भागिले ३ हे गणित शाखा सारख्या असतील तरच जुळतं. एका पॅनलकडे अठरा आणि दुसऱ्याकडे सहा असं होतं, आणि त्या अठरावाल्या खोलीत रात्र होते. पॅनल कोणत्या शाखेचे येणार हे आधी विचारून घ्या. आम्ही आपणहून सांगत नाही, कारण नावं बऱ्याचदा आदल्या संध्याकाळी ठरतात.

जागा भरल्यावर औपचारिकता होते का? आमच्याकडे नाही, बाकीच्यांचं सांगू शकत नाही. पण शेवटच्या मुलापर्यंत पॅनल थकलेलं असतं, हे मी नाकारणार नाही.

लोटे_जनरल शिफ्ट

@शून्य बॅकलॉग, शॉर्टलिस्टने अडत नाही रे. ऑफर हातात आली की बंदी येते, आणि तीही प्रत्येक कॉलेजची वेगळी. आमच्याकडे पगार दीडपट असेल तर दुसऱ्या कंपनीला बसू द्यायचे.

आईची काळजी

माझा मुलगा कणकवलीला शेवटच्या वर्षाला आहे. त्याला असा मेल आलेलाच नाही. मित्रांना आला. सरांना भेटायला जाऊ का? दुसऱ्या एका कंपनीचा मेल मात्र आलाय, त्यात लॅपटॉपसाठी आधी ४५०० रुपये भरायला सांगितलेत.

निवृत्त टीपीओ

ताई, दुसरा मेल आधी. पैसे भरू नका, नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून लॅपटॉपचे पैसे घेत नाही. तो मेल टीपीओंना दाखवा. पहिल्याचं म्हणाल तर मुलाला कॉलेजने दिलेला मेल आयडी उघडायला सांगा. पोरं स्वतःचं जीमेल बघतात आणि कॉलेजचा पासवर्ड दुसऱ्या वर्षातच विसरलेली असतात. तिथेही नसेल तर पात्रता बघा : दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी, तिन्हीकडे ६० टक्के मागितले असतील आणि एखादीकडे ५९.८ असेल तर नाव गळतं. तेही नसेल तर तुम्ही जाऊ नका, त्याला पाठवा.

खोली २०५

खोलीबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितो. आमच्या वेळी आदल्या रात्री साडेदहाला दुसरा मेल आला, २०४-२०६ ऐवजी लायब्ररीच्या वरचा मजला. विषयाची ओळ तीच, नुसतं पुढे 'रिव्हाइज्ड'. ग्रुपवर पहिल्या मेलचा स्क्रीनशॉट फिरत होता, तो सकाळपर्यंत फिरतच राहिला. सहा-सात जण बंद २०५ च्या बाहेर फाइली घेऊन उभे. आत एटीकेटीचा पेपर चालू होता! शिपाई काका म्हणाले, इथे काही नाही, खाली जा. खाली गेलो तर खालीही काही नाही. लायब्ररीच्या वर पोचेपर्यंत आमची नावं एकदा पुकारून झाली होती.

खोली बदलली तर जुन्या खोलीच्या दारावर कागद चिकटवा. मेल कितीही वेळा पाठवा, पोरगं पाय नेईल तिकडेच जातं.

मालवणी माणूस

आमच्या टायमाक मेल-बिल काय नव्हतो. बोर्डार कागद लावत, पावसान तो भिजलो की नावा वाचूक गावत नसत. माझा नाव कोणाक वाचूक इला नाय, म्हणान मी दुबयक गेलंय. बरा झाला!

लॅबवाला

प्रयोगशाळा सहायक आहे, थोडक्यात लिहितो. साठ मशीन कागदावर असतात. चाचणीला वेबकॅम लागतो, आणि कॅमेरा चालू असलेली मशीन मोजलीत तर आकडा चाळीसवर येतो. मग दोनाच्या तीन तुकड्या, आणि सरांचं वरचं सगळं गणित आणखी दीड तास पुढे. ऑगस्टमध्ये वीज जाणारच. आमचा जनरेटर ऑफिस आणि हॉलला जोडलाय, लॅबला यूपीएस दहा मिनिटांचा. वीज गेली तर मुलाचं घड्याळ थांबतं की चालू राहतं, हे कंपनीला आधी विचारून मेलमध्ये एका ओळीत लिहा. आमच्याकडे एकदा चालू राहिलं होतं. आठ मुलांची वीस मिनिटं गेली, कंपनीने फक्त 'नोंद घेतली' म्हणून सांगितलं.

जेटीपलीकडची

@निवृत्त टीपीओ, तो गाडीचा रकाना आवडला. पण मुली तो खरा भरतील का? मी तेव्हा भरला नसता. शेवटची गाडी साडेपाचची लिहिली तर 'हिला उशिरापर्यंत थांबता येत नाही' असं कंपनीला वाटेल, ही भीती होती.

निवृत्त टीपीओ

रास्त आहे. तो रकाना कंपनीला कधी दाखवला नाही, पण मुलींना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. फॉर्मवर तसं लिहायला हवं.

पुण्याची एचआर

खरं सांगू? काही पॅनलवाले विचारतातच, उशिरा थांबायला जमेल का म्हणून. तो प्रश्न चूक की बरोबर यावर आमच्यातच एकमत नाही.

धागाकर्ता (नवा प्रभार)

सर्वांचे आभार. आज लॅबमध्ये जाऊन मोजून आलो, कॅमेऱ्यासकट चालू मशीन ४८. म्हणजे ९६ ला बरोबर दोन तुकड्या, एकही बिघडलं तर तिसरी. डेपोत विचारलं, आतल्या गावांकडे शेवटची गाडी ६.१५ ची आणि रविवारी तीही नाही. कंपनीला लिहिलंय : चौथं पॅनल द्या, नाहीतर चाचणी आदल्या दिवशी ऑनलाइन घ्या आणि ड्राइव्हच्या दिवशी फक्त मुलाखती ठेवा. दुसरा पर्याय त्यांना पटतोय, पण गावात रेंज नसलेली मुलं चाचणी कुठून देणार हा प्रश्न उरतोच. बहुधा त्यांना आदल्या दिवशी लॅबमध्येच बोलवावं लागेल.

मेलमध्ये आता दोन ओळी वाढवल्यात, 'पहिल्या तुकडीने १०.०० ला, दुसऱ्या तुकडीने ११.३० ला यावे' आणि 'मुलाखती संपण्याची अंदाजे वेळ'. त्या दुसऱ्या ओळीपुढचा आकडा अजून रिकामा आहे. प्राचार्य म्हणतात, लिहूच नका, उशीर झाला तर पालक आपल्याला धरतील. कोणाच्या कॉलेजने ही वेळ कधी छापली आहे का?