मदत हवी आहे: पत्त्यावरच्या नियमांच्या ओळीत चिन्ह कुठे बसवायचं?

नमस्कार मंडळी, मराठी पत्त्यांचा खेळ करतोय. पत्ता नेहमीचाच, ६३ × ८८ मिमी. नियमांचा मजकूर मुक्ता फाँटमध्ये ७.५ पॉइंट, ओळींचं अंतर १० पॉइंट. इंग्रजीला हे अंतर ऐसपैस वाटलं असतं, पण आपल्याकडे वर रफार-वेलांटी आणि खाली उकार. एका पत्त्यावर असं आहे: ‘२ (ऊर्जेचं चिन्ह) खर्चून शत्रूला मूर्च्छा द्या. तो पुढची खेळी गमावतो.’ ओळ मोडली की ‘शत्रू’चा ऊकार खालच्या वेलांटीला टेकतो. अंतर ११ केलं तर टेकत नाही, पण शेवटची ओळ चौकटीबाहेर जाते.

खरी अडचण चिन्हाची आहे. ते बेसलाइनवर ठेवलं की शिरोरेषेच्या वर डोकं काढतं आणि ओळ उड्या मारल्यासारखी दिसते. शिरोरेषा ते बेसलाइन एवढ्याच उंचीत बसवलं, तर जेमतेम दीड-दोन मिमी उरतात आणि ढाल व ऊर्जा हातभर अंतरावरून सारखीच दिसतात. सध्या चिन्ह या पट्ट्याच्या मध्यावर ठेवून वर-खाली थोडं बाहेर येऊ देतोय, पण वरच्या ओळीत नेमका तिथेच उकार आला की गर्दी होते.

शक्तीचं नाव, म्हणजे ‘मूर्च्छा’, गडद पट्टीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत आहे. छापल्यावर ‘च्छ’मधल्या फटी शाईने बुजतात. इथे मध्यम वजन घ्यावं की पट्टीच फिकी करावी?

आणि ज्यांनी देवनागरीत असे पत्ते छापलेत, त्यांनी चिन्ह ओळीतच ठेवलं की डावीकडे वेगळ्या रकान्यात काढलं?